पाण्याला पोटाखालून चालू देऊ नका

मी मूळचा कोल्हापूरचा, आणि गेली बावीस वर्षं कोलकात्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. आज एका खाचेबद्दल बोलणार आहे. कठड्याच्या, छज्ज्याच्या किंवा कार्निसच्या बाहेर आलेल्या भागाच्या पोटात, कडेला समांतर अशी एक बारीक खाच असते, किंवा असायला हवी. आपल्या साइटवर तिला ड्रिप, ग्रूव्ह, ड्रिप मोल्ड असं काहीही म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत थ्रोटिंग असा शब्द सापडतो. थ्रोट म्हणजे घसा. त्या कारागिरांना खाच घशासारखी वाटली असेल. मी खाचच म्हणेन, आणि खाचेच्या बाहेरच्या बाजूला जी कड उरते तिला ओठ म्हणेन. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा.

कोलकात्यात उत्तरेकडच्या श्यामबाजारपासून दक्षिणेकडच्या भवानीपूरपर्यंत कुठल्याही जुन्या गल्लीत मान वर करून चाला. भिंतींवर वरून खाली काळे ओघळ दिसतात. लोक म्हणतात, धूर आहे, प्रदूषण आहे. थोडं ते आहेच. पण काळेपणाचा मोठा भाग शेवाळाचा असतो. जिथे भिंत पुन्हा पुन्हा भिजते आणि सावकाश सुकते, तिथे शेवाळ धरतं, त्यावर धूळ बसते आणि उन्हात ते काळं पडतं. म्हणजे तो काळा पट्टा पाण्याची वाट दाखवतो. पाणी नेमकं कुठून उतरतं आहे याचा नकाशा भिंतीनं स्वतःच काढून ठेवलेला असतो. तो वाचायच्या आधीच आपण त्यावर रंग मारतो.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. इथली जुनी कार्निस विटा, चुना आणि सुरखीची आहेत. ती दर पावसाळ्यात भिजत राहिली की चुना झिजतो, फटीत पिंपळ उगवतो, आत कुठे लोखंड असेल तर ते गंजून फुगतं, आणि एके दिवशी हातभर तुकडा फुटपाथवर येतो. कोलकाता महानगरपालिका अशा घरांवर ‘बिपज्जनक बाडी’ असा फलक लावते. खालून माणसं चालत असतात, मुलं शाळेत जात असतात. त्या तुकड्याची गोष्ट बऱ्याचदा वीस वर्षं आधी, पोटातली खाच बुजली तेव्हा सुरू झालेली असते.

आता पाणी भिंतीवर येतं कसं ते पाहू. आपल्याला वाटतं, पाणी वरून खाली पडतं. कडेला आलं की पडलं. पण पाणी चिकटतं. किटलीतून चहा ओतताना हात जरा हळू झाला की चहा कपात न पडता तोटीच्या खालून ओघळतो आणि टेबलावर सांडतो. जोरात ओतला तर कपातच पडतो. छज्ज्याच्या कडेवर हेच होतं. मुसळधार पावसात बरंचसं पाणी कडेवरून सुटतं. पाऊस ओसरला, रिपरिप राहिली, की पातळ पापुद्रा कड वळून छज्ज्याच्या पोटाला लागतो आणि पोटाला चिकटून उलटा, भिंतीच्या दिशेनं चालू लागतो. भिंतीला पोचला की खाली उतरतो. छताला चिकटून चालणारी पाल डोळ्यांपुढे आणा, तसंच. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की भिंतीचं मोठं नुकसान ही हळू येणारी धार करते. ती तासन् तास चालते, आणि वरची धूळ घेऊन येते.

आता प्रश्न असा की आपल्या आजोबांच्या घराला ही खाच का नव्हती? कोकणातलं कौलारू घर आठवा. पावसात पागोळ्या गळतात, वळचणीखाली अंगणात एका रेषेत खळगे पडतात, आणि भिंत कोरडी असते. कारण कौल उतरतं असतं, त्याची कड पातळ असते आणि तीच सगळ्यांत खालची जागा असते. पाण्याला कडेवरून मागे वळायचं तर चढावं लागतं. ते चढत नाही, गळतं. बंगालमधल्या गवताच्या चालाघराचंही तसंच. उतरत्या छपराला पागोळी आपोआप मिळते. मग आपण सपाट गच्ची बांधली, सपाट छज्जा काढला, आणि पाण्याला चालायला सपाट पोट दिलं. वळचण गेली आणि पागोळीही गेली. पोटातली खाच काय करते, तर त्या सपाट पोटात पाण्यापुढे एक चढ उभा करते. पोटाखालून येणाऱ्या पाण्याला खाचेपाशी अचानक सरळ वर वळावं लागतं. कड धारदार असेल तर ते वळत नाही. तिथेच जमा होतं, थेंब जड होतो आणि सुटतो.

ही युक्ती काही सिमेंटच्या जमान्यातली नाही. श्रीलंकेत बौद्ध भिक्षूंच्या राहण्याच्या नैसर्गिक गुहा आहेत. त्यांच्या तोंडावरच्या खडकात छिन्नीनं एक आडवी कड कोरलेली दिसते, आणि कित्येक ठिकाणी त्या कडेखाली ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. ते दोन हजार वर्षांहून जुने आहेत. खडकावरून ओघळत येणारं पाणी त्या कडेवरून सुटून बाहेर पडावं, गुहेत शिरू नये, हाच हेतू. युरोपातल्या अभिजात इमारतींच्या कार्निसमध्ये सगळ्यांत पुढे आलेल्या पट्टीचं पोटही याच कारणासाठी आत कोरलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात ती शैली आली तेव्हा इथल्या राजमिस्त्रींनी ती दगडाऐवजी वीट आणि चुन्यात उतरवली. पत्र्याचा साचा कापायचा आणि ओल्या चुन्यावरून तो ओढत न्यायचा. साच्यातच चोचीसारखी कड असायची, त्यामुळे खाच वेगळी करावी लागत नसे. आज आपण ज्याला नक्षी म्हणतो, तिच्यातली निम्मी पाण्यासाठी केलेली असते.

आता एक काम सविस्तर सांगतो. भवानीपूरमधलं तीन मजली घर, 1930 च्या दशकातलं. दर्शनी बाजू दक्षिणेला, लांबी अकरा मीटर. गच्चीला दहा इंची विटांचा कठडा. कठड्याखाली, गच्चीच्या पातळीला, सुमारे वीस सेंटीमीटर बाहेर आलेलं जुनं कार्निस. सगळ्यांत वरच्या मजल्यावर पुढच्या खोलीत घरातली ठाकुमा, म्हणजे आजी, राहायच्या. त्यांच्या पलंगाच्या उशाची भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची, आणि त्यांचा दमा वाढायचा. घरमालकांनी आधी दोनदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं आणि दर तीन वर्षांनी बाहेरून रंग. ओल काही हटत नव्हती.

मी आधी रस्त्यापलीकडे उभा राहून ओघळ पाहिले. कठड्याखाली एका ठरावीक अंतरावर नव्हे, तर पूर्ण अकरा मीटर लांबीवर सलग काळा पट्टा होता, पडद्याची झालर असावी तसा. सलग झालर म्हणजे पूर्ण कड गळत नाही, पाणी सगळीकडून भिंतीवर उतरतं आहे. ओघळ ठरावीक अंतरावर असते तर मी कठड्यावरच्या कोपिंगचे सांधे फुटले आहेत असं म्हटलं असतं. छज्ज्याच्या फक्त एका टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात, ओघळ असेल तर कारण तिसरंच असतं. त्याकडे पुढे येतो.

मग गच्चीवर गेलो. कठड्यावर सिमेंटचं कोपिंग होतं, रुंदी साधारण तेहतीस सेंटीमीटर, आणि त्याचा उतार रस्त्याकडे. आता हिशेब करा. अकरा मीटर लांब आणि 0.33 मीटर रुंद म्हणजे 3.6 चौरस मीटर. तासाभरात 30 मिलीमीटर पाऊस पडला, आणि कोलकात्यात तो पडतो, तर त्या एवढ्याशा माथ्यावर सुमारे 109 लिटर पाणी जमतं. ते सगळं रस्त्याच्या बाजूला जातं. जून ते सप्टेंबर मिळून इथे बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस होतो. म्हणजे एका मोसमात साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी नुसत्या कोपिंगवरून भिंतीकडे ढकललं जात होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कितीही उत्तम असलं तरी या पाण्याशी त्याचा संबंधच नव्हता.

कोपिंगचा बाहेर आलेला भाग मोजला. जेमतेम 25 मिलीमीटर निघाला. बहुधा मूळ बांधकामात तो दोन इंच असणार. पण नंतर भिंतीवर 20-25 मिलीमीटरचा सिमेंटचा गिलावा चढला, आणि भिंतच पुढे सरकली. हे फार ठिकाणी होतं. नकाशावर बाहेर आलेला भाग विटेपासून मोजतात, पाणी मात्र तो गिलाव्यापासून मोजतं. कोपिंगच्या पोटावरून बोट फिरवलं तर खाच नव्हतीच. कडही गोल केलेली होती, हाताला छान लागावी म्हणून. पाण्याला वळून यायला गोल कडेइतकी सोयीची वाट दुसरी नाही.

खालच्या कार्निसचं दुखणं वेगळं होतं. मूळ चुन्याच्या नक्षीत चोच होती. दुरुस्तीत कुणीतरी सगळ्यावर सिमेंट थापून ते गोलसर, गुळगुळीत करून टाकलं होतं. ते सिमेंट काही ठिकाणी ठोकल्यावर पोकळ वाजत होतं. मागच्या ओल्या चुन्यापासून ते सुटलं होतं आणि मध्ये पाणी कोंडलेलं होतं.

खात्री करायला मी बाटलीची चाचणी केली. ती तुम्हीही घरी करू शकता. कोरड्या दिवशी लिटरभर पाणी कडेजवळ अगदी हळू, चमच्यानं घातल्यासारखं सोडायचं, आणि दुसऱ्यानं खालच्या खिडकीतून टॉर्च मारून पोट पाहायचं. गच्चीच्या कठड्यावरून वाकून स्वतः पाहायला जाऊ नका. पाणी जोरात ओतलं तर चाचणी फसते, कारण जोराचं पाणी तसंही सुटतं. आमच्या बाटलीतलं पाणी पाच-सात सेकंदांत भिंतीला लागलं.

आता दुरुस्ती. कोपिंगसाठी आम्ही काँक्रीटचे तयार तुकडे साच्यात ओतले. प्रत्येकी 600 मिलीमीटर लांब, रस्त्याकडची जाडी 75 आणि गच्चीकडची 60, म्हणजे माथ्याचा उतार आतल्या बाजूला. धुळीचं पाणी गच्चीवर पडू दे, तिथे त्याला पन्हळ आहे. अठरा तुकड्यांत काम भागलं. एकेक तुकडा सुमारे चाळीस किलोचा, दोघांनी मिळून उचलायचा. बाहेरच्या बाजूला तो गिलाव्याच्या पृष्ठापासून 75 मिलीमीटर पुढे ठेवला. ते 75 असे वाटले गेले: सर्वांत बाहेर 20 मिलीमीटरचा ओठ, मग 15 रुंदीची खाच, आणि खाचेपासून भिंतीपर्यंत 40. ओठ याहून बारीक केला तर साचा काढतानाच तुटतो. आणि शेवटचे 40 हवेतच, कारण सुटलेला थेंब भिंतीच्या फार जवळ असला तर साध्या झुळकीनं पुन्हा भिंतीवर बसतो.

खाचेची रुंदी 15 का? पोटाला लटकणारा थेंब चार-पाच मिलीमीटरचा असतो. खाच तेवढीच अरुंद असेल तर थेंब एका काठावरून दुसऱ्या काठाला टेकतो, खाचेवर पाण्याचा पूल होतो आणि पाणी पलीकडे निघून जातं. करवतीनं ओढलेली 3-4 मिलीमीटरची रेघ ही खाच नव्हे, हे मी किती जणांना सांगितलं असेल! किमान 10 ते 12 रुंद आणि तेवढीच खोल. थोडी मोठी करा, कारण रंग आणि धूळ ती पुढे लहान करणारच आहेत.

आमचे मुर्शिदाबादचे मिस्त्री हे सगळं ऐकून म्हणाले, “दादा, खाच मी चांगली करून देतो. पण रंगवाला येऊन पुट्टीनं भरून टाकेल. मग तुम्ही मला फोन कराल.” त्यांचा अनुभव खरा होता. त्याचं आम्ही काय केलं ते शेवटी सांगतो.

साच्याच्या तळाला त्यांनी लाकडी पट्टी ठोकली. पट्टी वरच्या बाजूला किंचित निमुळती, म्हणजे काँक्रीट आवळल्यावर ती ओठाला न दुखवता सुटते. पट्टीला तेल लावायचं. पट्टीचे कोपरे घासून गोल करायचे नाहीत, कारण तीच धार खाचेला मिळणार. तुकडे बसवण्याआधी कठड्याच्या माथ्यावर पाणी अडवणारा थर दिला आणि तुकडे न गंजणाऱ्या पिनांनी धरले. पिनेची भोकं नीट बंद केली. हा थर विसरू नका. कोपिंगचे सांधे उन्हापावसात आज ना उद्या फुटतात, आणि सांध्यातून उतरणाऱ्या पाण्याला पोटातली खाच काहीही करू शकत नाही.

कार्निसवरचं सुटलेलं सिमेंट काढलं आणि मूळ छेद एका टोकाला, पाइपामागे झाकून राहिलेला, सापडला. त्यावरून पत्र्याचा साचा कापला. चुना-सुरखीचे दोन थर देऊन, दुसऱ्या थरावर साचा ओढून चोच परत आणली. कार्निसच्या माथ्याला मात्र उतार बाहेर द्यावाच लागतो, कारण मागे कठडा आहे. म्हणजे तिथलं सगळं पाणी चोचीच्या भरवशावर आहे. कोपिंगमध्ये उतार आत वळवून निम्मं काम सोपं करता येतं, कार्निसला ती सवलत नाही.

घराच्या मागच्या बाजूला 1970 च्या सुमारास वाढवलेला भाग होता, त्याला आरसीसीचे छज्जे. तिथे मिस्त्रींच्या पोरानं ग्राइंडर उचलला आणि मी त्याला थांबवलं. काँक्रीटच्या पोटात गजाखाली कागदावर 20 मिलीमीटर किंवा त्याहून जास्त आवरण असतं, जुन्या छज्ज्यांत प्रत्यक्षात कितीतरी कमी सापडतं. त्यात 12 मिलीमीटर खाच कापली तर कडेच्या गजावर नखाएवढं काँक्रीट उरेल. छज्ज्याचे मुख्य गज वरच्या बाजूला असतात हे खरं, पण कडेचा गज गंजून फुगला तरी ओठ फुटतोच. तयार छज्ज्याला खाच कापायची नाही, उलट करायचं. कडेला खाली उतरणारी गिलाव्याची पट्टी काढायची, साधारण 25 रुंद आणि 12 ते 15 जाड. पाणी त्या पट्टीच्या खालच्या कडेला येतं आणि मागे जायला पुन्हा चढच लागतो. खाचेचं तत्त्व तेच, फक्त पोट कोरण्याऐवजी कड खाली उतरवली. त्यासाठी जुनं पोट टोचून खरबरीत करावं लागतं, नाहीतर पट्टी दोन पावसाळ्यांत सुटते. नव्या बांधकामात हा प्रश्न येत नाही. शटरिंगवर आधीच पट्टी ठोकायची आणि तेवढं आवरण वाढवायचं, किंवा गिलाव्याच्या जाडीतच खाच करायची. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत हे काम स्वतंत्र बाब म्हणून, मीटरवर मोजून, दिलेलं असतं. तुमच्या अंदाजपत्रकात ती ओळ नसेल तर कंत्राटदार ते करणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

आता ते टोकाचं ओघळ. छज्ज्याची खाच दोन्ही टोकांना थेट भिंतीपर्यंत नेली तर तीच खाच पन्हळीसारखी वागते. वाऱ्यानं किंवा छज्ज्याच्या किंचित कलामुळे पाणी खाचेतून सरकत टोकाला जातं आणि नेमकं कोपऱ्यात भिंतीवर उतरतं. म्हणून खाच भिंतीच्या 40-50 मिलीमीटर अलीकडे थांबवायची. छज्ज्याच्या बाजूच्या कडेनंही ती वळवून आणायची आणि तिथेही भिंतीआधी थांबवायची. भिंतीला लागलेली खाच पाहिली की मला कळतं, मिस्त्रीनं नकाशातली रेघ पाहून काम केलंय, पाणी पाहून नव्हे.

काम एप्रिलअखेर संपलं. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये, पूजेच्या सुट्टीनंतर, मी पुन्हा गेलो. कोपिंगच्या पोटात ओठाचा भाग मळकट झाला होता आणि खाचेच्या पलीकडचे 40 मिलीमीटर स्वच्छ. दोन्हींच्या मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ. ही रेघ दिसली की खाच चालते आहे असं समजायचं. रेघ पुसट असेल, किंवा मळ खाचेपलीकडे बोटांसारखा पसरला असेल, तर तिथे खाच बुजली आहे. एका जागी तसा मळ दिसला. काठीनं टोचलं तर कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. खाचेवर पूल बांधायला तेवढं पुरतं. तेव्हापासून पावसाळ्याआधी खाचेतून काठी फिरवणं हे घरमालकांच्या मुलाचं काम झालं आहे.

ठाकुमांच्या खोलीतली भिंत त्या वर्षी पूर्ण सुकली नाही. लोक इथे निराश होतात. वर्षानुवर्षं पाणी प्यालेली दहा इंची भिंत काही महिन्यांत कोरडी होत नाही, आणि बाहेरून प्लॅस्टिकसारखा रंग लावला तर आतली वाफ बाहेर पडायला वाटही उरत नाही. आम्ही पहिला हिवाळा भिंत तशीच मोकळी ठेवली आणि मग चुन्याचा हात दिला. दुसऱ्या पावसाळ्यात उशाशी नवी ओल आली नाही.

खाचेकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, तेही सांगतो. वैशाखात इथे कालबैशाखी येते, पाऊस आडवा मारतो. 20 मे 2020 ला अम्फान चक्रीवादळ आलं तेव्हा तर पाणी खालून वर चढताना मी माझ्या खिडकीतून पाहिलं. उंच भिंतीवर वारा आपटला की माथ्याजवळ तो वर वळतो, आणि तिथे सुटलेला थेंब खाली पडतच नाही, भिंतीवर फेकला जातो. अशा पावसात भिंतीला स्वतःचाच गिलावा वाचवणार. खाच चिकटून येणाऱ्या पाण्यासाठी आहे, वाऱ्यानं मारलेल्या पावसासाठी नाही. बारा-पंधरा मजल्यांच्या इमारतीला नुसत्या छज्ज्याच्या खाचांवर विसंबून चालत नाही. आणि भवानीपूरच्या घराच्या पूर्वेकडे एक ओघळ अजूनही आहे. तो पावसाच्या पाइपाच्या फुटलेल्या जोडाखालचा आहे. त्यासाठी पाइपच बदलावा लागेल.

रंगवाल्याचं राहिलं. मिस्त्रींनी सुचवलं ते असं. रंगकाम सुरू होण्याआधी खाचेत तिच्या मापाची जाड नायलॉनची दोरी पूर्ण लांबीभर दाबून बसवायची. मग पुट्टी लागू दे, रंग लागू दे. शेवटचा हात ओला असतानाच दोरी एका टोकाकडून ओढून काढायची. आत काही गेलेलं नसतं, आणि कड धारदार राहते. रंगवाल्याचे पैसे देण्याआधी परांची उतरवू नका. एकदा वर जाऊन खाचेत करंगळी घालून पाहा, ती आत गेली पाहिजे.